ठिपके मुलाच्या घशात, स्वॅब मात्र मुलीचा!

प्रश्न : पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या दोन्ही मुलांचे घसे एकाच आठवड्यात धरले. मुलगा १३ वर्षांचा. आधी दोन दिवस सर्दी, मग खोकला, आवाज पार बसला. ताप ९९.५. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. मुलगी ९ वर्षांची. सकाळी ठणठणीत शाळेत गेली आणि दुपारी तापाने फणफणत घरी आली. ताप १०२, डोकं आणि पोट दुखत होतं, एक उलटी झाली, थुंकीही गिळवेना. तिचा घसा मात्र नुसता लाल होता. डॉक्टरांनी मुलाला पॅरासिटामॉल आणि गुळण्या सांगितल्या, आणि मुलीच्या घशाचा स्वॅब घ्यायला लावला. हे उलटंच झालं असं मला वाटलं. स्वॅबमध्ये ‘स्ट्रेप’ निघाला. दोन दिवसांत तिचा ताप गेला, तरी औषध १० दिवस द्यायला लावलं. घरात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या शिल्लक होत्या. त्याच दिल्या असत्या तर तपासणीचा खर्च वाचला नसता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर होतं, आणि तुम्हाला ते उलटं का वाटलं तेही समजण्यासारखं आहे. घशात पांढरं दिसलं की ‘पू झाला, आता अँटिबायोटिक हवं’ हे समीकरण आपल्याकडे घराघरात पक्कं बसलेलं आहे. ते चुकीचं आहे. टॉन्सिलवर पांढरा थर आणणारे विषाणूही आहेत. अ‍ॅडेनोव्हायरस हे त्यातलं नेहमीचं नाव. आणि ज्याला ‘स्ट्रेप’ म्हणतात त्या ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकस जीवाणूने घसा सुजला, तरी ठिपके दिसतीलच असं नाही. म्हणून नुसत्या बॅटरीच्या उजेडात निदान होत नाही. ते डॉक्टरांनाही जमत नाही.

मग डॉक्टर पाहतात काय? घशापेक्षा घशाच्या आजूबाजूला काय चाललं आहे ते. नाक गळणं, खोकला, बसलेला आवाज, लाल डोळे, तोंडात फोड ही सारी विषाणूंची लक्षणं. विषाणू नाकापासून स्वरयंत्रापर्यंत सगळीकडे पसरतो, म्हणून सगळंच थोडंथोडं बिघडतं. स्ट्रेप मात्र घशातच ठाण मांडतो. सर्दी नाही, खोकला नाही. अचानक चढलेला ताप, गिळताना जीव नकोसा करणारं दुखणं आणि जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी असं त्याचं रूप असतं. लहान मुलांत डोकेदुखी, पोटदुखी आणि उलटीही बरोबर येते. अशा मुलाला पालक पोटाचं दुखणं म्हणून घेऊन येतात आणि घसा उघडून पाहायचा राहून जातो.

यासाठी अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये चार प्रश्नांचा एक साधा हिशेब मांडला. ताप आहे का (१००.४ च्या वर)? खोकला नाही ना? मानेच्या पुढच्या गाठी सुजून दुखतात का? टॉन्सिलवर पांढरा थर आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. पुढे कॅनडातल्या मॅकआयझॅक यांनी त्यात वय मिळवलं आणि नुसती टॉन्सिलची सूजही धरली. ३ ते १४ वर्षांच्या मुलाला एक गुण जास्त, ४५ पुढच्या माणसाचा एक गुण वजा. एक किंवा त्याहून कमी गुण आले तर तपासणीची गरज नाही. दोन-तीन आले तर स्वॅब घ्यावा. चार किंवा जास्त असतील तर स्ट्रेपची शंका बळकट.

आता तुमची मुलगी घ्या. ताप आहे, एक. खोकला नाही, दोन. गाठींबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांनी मान चाचपून पाहिली असेलच. त्या दुखऱ्या असतील तर तीन. वयाचा एक, झाले चार. इतके गुण मिळूनही अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्याच घशात स्ट्रेप सापडतो. म्हणजे लक्षणांवरून शंका घ्यावी, खात्री मात्र स्वॅबने करावी, आणि मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

मुलाचं पाहा. ठिपक्यांचा एक, वयाचा एक, असे दोन. नियमावर बोट ठेवलं तर त्याचाही स्वॅब घेता आला असता. पण इथे नियमापेक्षा डॉक्टरांची समज कामाला आली. सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज ही तीन लक्षणं एकत्र असताना घशातला दोषी बहुधा विषाणूच असतो. मग स्वॅब घ्यायला काय हरकत, असं तुम्ही विचाराल. हरकत अशी की शाळकरी मुलांपैकी दहातल्या एखाद्याच्या घशात हा जीवाणू काहीही त्रास न देता नुसता राहत असतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि कोणी स्वॅब घेतला, तर अहवालात ‘स्ट्रेप’ येणार, आणि ज्याने काही केलेलंच नाही त्या जीवाणूसाठी मुलगा १० दिवस औषध खाणार. नको तिथे केलेली तपासणी अशी दिशाभूल करते. तीन वर्षांखालच्या बाळांतही स्ट्रेपचा घसा क्वचितच असतो. त्यांचा स्वॅब सहसा घेत नाहीत. मात्र घरात कोणाला स्ट्रेप झालेला असेल तर गोष्ट वेगळी.

एक सांगायला हवं. मुलासारखी तक्रार आठवडाभराने ओसरण्याऐवजी वाढत गेली, ताप टिकून राहिला, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी आल्या आणि मूल गळून गेलं, तर एपस्टाइन-बार या विषाणूचा विचार करावा लागतो. त्यात टॉन्सिल पांढऱ्या थराने माखतात, आणि चुकून अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर अनेकदा अंगभर पुरळ उठतं. पालकांना ती औषधाची अ‍ॅलर्जी वाटते आणि पुढे आयुष्यभर कागदावर ‘पेनिसिलीन चालत नाही’ असा शिक्का बसतो.

स्वॅब कसा घेतात याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही. जीभ दाबून काडीचं टोक दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर नीट फिरवावं लागतं. मुलाला उमासा येतो, ते साहजिक आहे. काडी जिभेला किंवा गालाला लागून परत आली तर तो नमुना फुकट. नीट घेतलेली काडी लॅबमध्ये रक्त मिसळलेल्या माध्यमावर घासतात. रात्रभर उबेत ठेवल्यावर जीवाणूंच्या ठिपक्यांभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं दिसतं. अहवाल एक ते दोन दिवसांत येतो. काही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणी मिळते. ती ‘आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हणाली तर मोठ्या माणसात बहुधा तिथे थांबता येतं, पण मुलात वर सांगितलेलं कल्चर करावं, कारण स्ट्रेप असलेल्या शंभरांपैकी सुमारे पंधरा जण या चाचणीच्या हातून निसटतात.

आणि आता तुमच्या तीन गोळ्या. स्वॅबच्या आधी अँटिबायोटिकचा एखादा डोस पोटात गेला तरी कल्चरमध्ये जीवाणू अनेकदा वाढत नाही. अहवाल ‘काही नाही’ असा येतो आणि आजार तसाच राहतो. शिवाय मोठ्या माणसाच्या डोसची गोळी ९ वर्षांच्या मुलीच्या वजनाला बेतलेली नसते, आणि या औषधाला न जुमानणारे स्ट्रेप आता ठिकठिकाणी सापडतात. याउलट पेनिसिलीनला दाद न देणारा ‘अ’ गटातला स्ट्रेप रुग्णांमध्ये आजवर आढळलेला नाही. म्हणूनच इतकी नवी औषधं आली तरी स्ट्रेपसाठी पहिली निवड पेनिसिलीन किंवा त्याच्या घरातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हीच राहिली आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेनिसिलीनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी ठेवायचं.

१० दिवस कशासाठी? घसा बरा करायला नव्हे. घसा औषधाशिवायही आठवड्याभरात बरा होतो, औषधाने फार तर एखादा दिवस वाचतो. खरी भीती ह्रुमॅटिक तापाची. स्ट्रेपशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं त्या जीवाणूशी साम्य असलेल्या स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतात. हे घडतं घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, बहुतेक ५ ते १५ वयात. आधी गुडघे, घोटे असे सांधे एकेक करून सुजतात, ताप येतो. सांधे बरे होतात, झडप कायमची बिघडू शकते. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, आपल्याकडे नाही. झडप अरुंद झाल्याचं अनेक बायकांना पहिल्यांदा बाळंतपणाच्या वेळी, दम लागू लागल्यावर कळतं. हे टाळायचं तर जीवाणू घशातून पुरता जायला हवा, आणि गोळ्यांनी त्याला १० दिवस लागतात. गोळ्या नीट घेतल्या जाणार नाहीत असं वाटलं तर बेंझाथीन पेनिसिलीनचं एक इंजेक्शन तेच काम करतं. ते दुखतं, हे खरं.

यात एक दिलासाही आहे. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी ह्रुमॅटिक ताप टळतो. तेव्हा अहवालासाठी एक-दोन दिवस थांबण्यात धोका नाही. लॅब जवळपास नसेल आणि लक्षणं चोख जुळत असतील तर डॉक्टर स्वॅबशिवायही औषध देतात. आपल्या भागात ते योग्यच आहे. घसा दुखतो म्हणून रक्ताची ‘एएसओ’ तपासणी करून घेणं मात्र व्यर्थ. ती वाढायला आठवडे लागतात. आज घशात काय आहे ते तिला माहीत नसतं.

शेवटी, काही घशांना स्वॅबची नव्हे, थेट रुग्णालयाची गरज असते. तोंड उघडता येत नाही, एकाच बाजूला सूज आहे, बोलणं तोंडात गरम बटाटा असल्यासारखं येतं, लाळ गिळता न आल्याने गळते, श्वास घेताना आवाज होतो, किंवा टॉन्सिलवर राखाडी, चिकट पडदा आणि मान फुगलेली आहे, असं काहीही दिसलं तर तपासणीच्या चिठ्ठीची वाट पाहू नका. शेवटची खूण घटसर्पाची आहे आणि तो अजून गेलेला नाही. अशा मुलाच्या घशात घरी चमचा घालून पाहू नका. लसींचं कार्ड बरोबर घेऊन त्याच तासाला निघा.