काच रिकामी दिसली तर?

इचलकरंजीतल्या सायझिंगमध्ये लाकडावर चालणारा तीन टनी बॉयलर आहे. तिथला फायरमन द्वितीय श्रेणी बॉयलर अटेंडंटच्या तोंडी परीक्षेला बसणार आहे. त्याच बॉयलरवरचे प्रथम श्रेणीचे काका त्याची तयारी करून घेत आहेत.

फायरमन : काका, गाइडातले सगळे प्रश्न पाठ झाले. माउंटिंग किती, अ‍ॅक्सेसरीज किती, घडाघडा सांगतो.

काका : ते चांगलंच आहे. पण समोर बसलेले परीक्षक बहुधा पहिल्यांदा विचारतील, "तुझा बॉयलर कोणता?" अर्जासोबत तू अनुभवाचा दाखला जोडलास, त्यावर बॉयलरचा नंबर आहे. तो नंबर सांग बघू.

फायरमन : एमआर आणि पुढे... काका, शेलवर ठोकलाय, पण नीट वाचलाच नाही कधी.

काका : मग आज वाचून वहीत लिहून घे. बाष्पके संचालनालयाने दिलेला तो नोंदणी क्रमांक आहे. त्याखाली मंजूर दाब लिही, आपला 10.54 किलो. प्रेशर गेजवर लाल खूण त्याच आकड्यावर आहे का बघ. हीटिंग सरफेस किती, वापराचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेला संपतं, सेफ्टी व्हॉल्व्ह किती आणि किती दाबावर उडतात, हेही लिही. वर्षानुवर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला हे सांगता आलं नाही, तर त्याचा दाखला खरा कसा मानायचा? अन् कायदा विचारला तर 1923 चा म्हणू नकोस, त्याच्या जागी 2025 चा आलाय. जुन्या गाइडात जुनाच असणार.

फायरमन : बरं. पण मला भीती त्या एका प्रश्नाची आहे. काचेत पाणी दिसत नाही, काय करशील?

काका : खरी परीक्षा त्याच प्रश्नात आहे. तू काय सांगशील?

फायरमन : लगेच फीड पंप चालू करीन.

काका : तिथेच नापास. अन् नापास झालेलं परवडलं, बॉयलरवर असं केलंस तर माणसं जातील. आधी सांग, काच रिकामी दिसते म्हणजे पाणी कमीच असतं का?

फायरमन : दुसरं काय असणार?

काका : पूर्ण भरलेली काचही रिकामीच दिसते. पाण्याची रेघ दिसत नाही, एवढंच आपल्याला कळतं. म्हणून पहिल्यांदा दुसरी काच बघायची, बॉयलरला दोन काचा त्यासाठीच असतात. मग काच उडवायची. खालचा वॉटर कॉक बंद कर आणि ड्रेन उघड. वरच्या स्टीम कॉकमधून पाणी आलं तर बॉयलर गच्च भरलाय. नुसती वाफ आली तर पाणी खाली गेलंय.

फायरमन : किती खाली, ते कसं कळणार?

काका : आता वॉटर कॉक उघड, वरचा स्टीम कॉक बंद कर आणि ड्रेन बंद कर. बॉयलरमधली पातळी खालच्या कॉकच्या तोंडापेक्षा वर असेल, तर दाबामुळे पाणी काचेत चढतं. तसं चढलं तर पाणी काचेच्या जरा खालीच आहे. काच मुद्दाम अशी बसवतात की तिचा तळ भट्टीच्या माथ्यापेक्षा आणि वरच्या ट्यूबांपेक्षा उंच राहतो. तेव्हा आग कमी करून हळूहळू पाणी घेता येतं. पण पाणी चढलंच नाही, नुसती वाफ आली, तर पातळी कुठवर गेली ते सांगता येत नाही. मग पंपाला हात लावायचा नाही.

फायरमन : पाणी कमी आहे आणि पाणीच द्यायचं नाही, हे मनाला पटत नाही.

काका : कारण समजलं की पटेल. 10.54 किलो दाबाला आतलं पाणी साधारण 185 अंशांवर उकळत असतं. भट्टीतली आग हजार अंशांच्या वर. तरी भट्टीचा पत्रा टिकतो, कारण पलीकडून पाणी त्याची उष्णता सतत ओढून घेतं. पाणी उतरलं की माथा उघडा पडतो, पत्रा तापून लाल होतो, मऊ पडतो आणि आतल्या दाबाने भट्टीत फुगतो. अशा पत्र्यावर गार पाणी गेलं तर तो एकदम आकसतो, ट्यूबांचे जोड सुटतात, आणि त्या पाण्याची झटक्यात वाफ होते. आधीच कमकुवत झालेला पत्रा तिथे फाटतो.

फायरमन : म्हणजे आधी आग.

काका : आधी आग. एफडी फॅन बंद, लाकूड टाकणं बंद, डॅम्पर आवळायचा. भट्टीतले निखारे ओल्या राखेने झाकायचे.

फायरमन : निखारे बाहेर ओढून काढले तर?

काका : ओढताना जाळ हलतो आणि थोडा वेळ उष्णता उलट वाढते. म्हणून झाकणं बरं. बादलीने पाणी तर मुळीच मारायचं नाही. वाफ तोंडावर येते आणि तापलेल्या विटा, पत्रे तडकतात. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा नाही, मेन स्टॉप व्हॉल्व्ह झटक्याने उघडायचा-मिटायचा नाही. दाब अचानक पडला की उरलेलं पाणी उसळून त्याच तापल्या पत्र्यावर जातं. माणसं लांब करायची, मालकाला कळवायचं आणि बॉयलर आपोआप निवू द्यायचा. निवल्यावर भट्टीचा माथा तपासायचा. फुगवटा दिसला किंवा फ्युजिबल प्लग वितळलेला असला, तर संचालनालयाला कळवल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही. दुरुस्तीलाही त्यांची मंजुरी लागते.

फायरमन : आणि पंप चालू असताना पाणी गेलं असेल तर? परीक्षक असंही फिरवून विचारतात म्हणे.

काका : विचारतातच. आपल्याकडे वाळवणीच्या सिलिंडरांतून कंडेन्सेट परत येतं आणि फीड टाकीतलं पाणी फार तापतं. मग पंपाच्या तोंडाशीच वाफ धरते, मोटर फिरते पण पाणी उचललं जात नाही. आवाज खरखरीत होतो, पंपाच्या गेजचा काटा थरथरतो. दुसरं कारण म्हणजे सक्शनची जाळी तुंबणं. तिसरं, फीड चेक व्हॉल्व्ह बसत नाही आणि बॉयलरचं पाणी उलटं येतं. पंप बंद असताना त्याच्याजवळचा डिलिव्हरी पाइप कडक तापलेला असला, तर व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा.

फायरमन : रोज शिफ्टला काच उडवतोच आपण. त्याचंही विचारतील?

काका : करून दाखवायला सांगतील. ड्रेन बंद केल्यावर पाणी झटकन वर येऊन जागेवर डोललं पाहिजे. सावकाश आलं तर खालचा मार्ग गाळाने तुंबत चाललाय. काच वरपर्यंत भरून तशीच राहिली तर वरचा मार्ग बंद आहे आणि काच खोटी उंच पातळी दाखवतेय. मला विचारशील तर तुंबलेली काच रिकाम्या काचेपेक्षा घातक, कारण तिच्याकडे बघून माणूस निर्धास्त राहतो.

फायरमन : वाळवणीचे सिलिंडरही दाबाखालीच चालतात. त्यांनाही बॉयलरसारखं वापराचं प्रमाणपत्र लागतं?

काका : नाही. ते बॉयलर नव्हेत, प्रेशर व्हेसल. त्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून ठरल्या मुदतीत करून घ्यायची असते, आणि त्या अहवालात लिहिलेल्या दाबाच्या वर त्यांना चालवायचं नाही. तुझी परीक्षा बॉयलरची. पण वाफ तूच पाठवतोस, म्हणून परीक्षक एक गोष्ट हमखास विचारतील : बॉयलर 8 किलोवर आणि सिलिंडर 3 किलोचा, मध्ये काय?

फायरमन : रिड्युसिंग व्हॉल्व्ह.

काका : तो अडकून उघडा राहिला तर?

फायरमन : ...सिलिंडरवर पूर्ण 8 किलो येईल.

काका : म्हणून रिड्युसिंग व्हॉल्व्हच्या पुढे, सिलिंडरच्या बाजूला, वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वेगळं गेज असतं. तो सेफ्टी व्हॉल्व्ह एवढा मोठा हवा की उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून येणारी सगळी वाफ बाहेर टाकू शकेल. आपला कुठे आहे, दाखव चल.

फायरमन : सायझिंग मशीनच्या मागे, पाइपाच्या वळणावर असेल...

काका : असेल नको. टॉर्च घे.