आखाडातली कलेजी, सुकट आणि एलडीएलचा रिपोर्ट

आखाड लागला की घरोघरी मटणाचा बेत ठरतो, आणि गटाच्या बैठकीत हटकून एक प्रश्न येतो, "ताई, माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. मी अंडं, कलेजी खाऊ का नको?" गेल्या महिन्यात एका ताईंनी रिपोर्टच आणला होता. वय ४६, एलडीएल १६२. घरात कोंबड्या आहेत, पण चार महिन्यांपासून त्यांनी पिवळा बलक बंद केलेला. तरी आकडा जवळपास तेवढाच. असं का झालं असेल?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त आलं तर यकृत आपलं बनवणं थोडं कमी करतं, म्हणून खाल्लेलं सगळं रक्तात चढत नाही. पण घट्ट चरबी, म्हणजे डालडा, पामतेल, तूप, खोबरं, मटणाची चरबी, जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला आळस करतं. ते रक्तातच फिरत राहतं. म्हणून बहुतेकींच्या बाबतीत बलकापेक्षा ही चरबी जास्त महाग पडते.

त्या ताईंचं खाणं आम्ही बसून लिहून काढलं. रोज दोन वेळा चहाबरोबर खारी. रविवारी मटण. एक किलोच्या रश्श्याला शंभर ग्रॅम सुकं खोबरं, खाणारे सहा जण. शंभर ग्रॅम खोबऱ्यात सुमारे ५७ ग्रॅम घट्ट चरबी असते, म्हणजे एकेकीच्या ताटात नुसत्या खोबऱ्यातूनच साडेनऊ ग्रॅम. एलडीएल वाढलेल्या बाईने दिवसभरात साधारण बारा-तेरा ग्रॅमच्या आत राहायचं असतं. आणि एका अंड्यात ती किती? दीड ग्रॅमच्या आसपास! बंद केलं अंडं, आणि खारी-तर्री तशीच.

याचा अर्थ अंडी कितीही खा असा नाही. एका बलकात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि त्याने एलडीएल थोडं वाढतंच. एलडीएल जास्त असेल तर आठवड्याला तीन-चार बलक, तेही उकडून, हे मला बरं वाटतं. पांढऱ्याला बंधन नाही. सोबत साखरेचा आजार असेल तर बलकाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

झिंग्यांचं गणित वेगळं आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या झिंग्यांत एका अंड्याइतकं कोलेस्टेरॉल, पण घट्ट चरबी जवळजवळ नाहीच. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला एक अभ्यास छापून आला. त्यात लोकांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम झिंगे दिले. एलडीएल सुमारे सात टक्के वाढलं, पण चांगलं एचडीएल बारा टक्के वाढलं. आपण एवढे झिंगे महिन्यातही खात नाही. बाजारची सुकट तर मूठभरच लागते. तिची अडचण मिठाची. बीपी असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या आणि कालवणात वरून मीठ जपून टाका.

कलेजीत मात्र कोलेस्टेरॉल खरंच जास्त, अंदाजे दोन-अडीच अंड्यांइतकं शंभर ग्रॅममागे. पण लोह आणि बी-१२ पण भरपूर, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तीन-चार फोडी चालतील. गरोदर सुनेला मात्र कलेजी देऊ नका, तिच्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व बाळाला बाधू शकतं. वजडीत कोलेस्टेरॉल कलेजीपेक्षा कमी, पण तिला चिकटलेली चरबी काढून टाकायची. भेजा सोडाच, त्यात दहा-दहा अंड्यांएवढं असतं.

काही जणींचं शरीर बलकाला जास्त प्रतिसाद देतं. हे चेहऱ्यावरून कळत नाही, तपासूनच कळतं. बाकी खाणं, तेल, गोळ्या तसंच ठेवून सहा-आठ आठवडे बलक बंद करा आणि त्याच लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करा. एलडीएल बरंच उतरलं तर तुमच्या बाबतीत बलक भारी आहे. श्रावणात हे आयतं जमतं असं वाटतं, पण तेव्हा तळलेलं फराळाचं आणि तूप वाढतं, मग कशाने काय झालं ते कळत नाही.

एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा वडील-भावाला पन्नाशीच्या आतच झटका आला असेल, तर ते रक्तातूनच आलेलं असू शकतं. तिथे खाणं बदलून भागत नाही, गोळी लागते. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

त्या ताईंनी आता खारी सोडून फुटाणे घेतलेत. वाटणात खोबरं निम्मं केलंय, बाकी भाजलेला कांदा आणि थोडं डाळं. तर्री वरून काढून ठेवतात. आठवड्याला तीन गावरान अंडी परत सुरू केलीत. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे.