दडवलेले पोर्ट: पत्त्यांची यादी आणि पोर्ट-नॉकिंग

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे प्रवेश देणारी सेवा, साधारणतः पोर्ट २२ वर चालते आणि हे पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले की स्वयंचलित प्रोग्राम तेथे अहोरात्र पासवर्ड अजमावत राहतात. ते दडवण्याचा सरळ मार्ग म्हणजे फायरवॉलमध्ये मोजक्या आयपी पत्त्यांची यादी ठेवणे आणि इतरांची पॅकेट्स उत्तर न देता टाकून देणे.

या यादीत व्यक्तीची नव्हे, तर ठिकाणाची ओळख पटवली जाते, आणि तिची अडचणही तेथेच आहे. व्यवस्थापकाने घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता यादीत घातला आणि पुढे राउटर बंद-चालू होऊन तो पत्ता बदलला, तर त्याच्याच सर्व्हरचे दार त्याला बंद होते. नियम चुकला असला तरी तो लगेच कळत नाही, कारण चालू जोडण्यांना मुभा देणारा नियम बहुधा आधीपासून असतो आणि जुने सत्र सुखरूप चालत राहते. म्हणून ते सत्र न मिटवता दुसरे उघडून पाहणे हीच खरी परीक्षा होय. `iptables` मधील यादी आयपीव्ही६ ला लागू होत नाही, हेही पुष्कळदा नजरेतून सुटते.

पोर्ट-नॉकिंग ही कल्पना मार्टिन क्रझिविन्स्की यांनी २००३ मध्ये मांडली. ठरलेल्या क्रमाने काही बंद पोर्टांवर पॅकेट्स पाठवली की `knockd` हा प्रोग्राम ती ओळखतो आणि पाठवणाऱ्या पत्त्यापुरते पोर्ट उघडतो. त्याच्या नमुना संरचनेतील भाग असा असतो:

```
sequence = 7000,8000,9000
seq_timeout = 5
command = /sbin/iptables -A INPUT -s %IP% -p tcp --dport 22 -j ACCEPT
```

हा क्रम सर्वांना ठाऊक असल्याने तो बदलणे ओघाने आलेच. पण खरा सापळा `-A` मध्ये आहे. तो नवा नियम यादीच्या शेवटी जोडतो, आणि त्याआधी ‘सर्व टाका’ असा नियम असेल तर नोंदवहीत दार उघडल्याची नोंद होते, मात्र जोडणी होत नाही. तेथे `-I` वापरून नियम आरंभी घालावा लागतो.

खटखटीचा क्रम साध्या रूपात जात असल्याने वाटेतील निरीक्षक तो पाहून पुन्हा वापरू शकतो. `fwknop` त्याऐवजी एकच कूटबद्ध आणि पुन्हा न चालणारे पॅकेट पाठवतो. मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे एकासाठी उघडलेले पोर्ट तितका वेळ त्या सर्वांसाठी उघडे होते. याशिवाय `knockd` स्वतःच बंद पडला तर आत जाण्यासाठी सर्व्हर पुरवणाऱ्याचे कन्सोलच उरते.

कार्यालयाचा पत्ता स्थिर असेल तेथे यादीच बरी, कारण तिच्यात बिघडण्याजोगे भाग कमी असतात. प्रवासातून काम करणाऱ्याला `fwknop` सोयीचे ठरते. दोन्हींत पासवर्डऐवजी एसएसएच-की अनिवार्य ठेवावी लागते, कारण यादी वा खटखट केवळ पोर्ट दडवते, आत येणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम कीच करते.