मागच्या बाजूचा आकडा

आमच्या ट्रस्टनं संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं पत्रक काढलं, तेव्हा मजकूर मीच लिहिला होता. शासन निर्णय समोर ठेवून त्याच क्रमानं लिहीत गेलो. आधी प्रस्तावना, मग उद्देश, मग लाभाचं स्वरूप, मग कागदपत्रांची यादी. पात्रता मागच्या बाजूला गेली, तीही बारीक टायपात, कारण पुढं अध्यक्षांचं मनोगत घ्यायचं होतं.

दोनेक महिन्यांनी एक बाई पत्रक घेऊन आल्या. वय चाळिशीचं, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, पदरात दोन मुलं. यादीतला एकेक कागद त्यांनी वरून खाली जमवला होता. मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायत, रहिवासाच्या दाखल्यासाठी सेतू, मग फोटो, झेरॉक्स. नवऱ्याच्या नावातली चूक दुरुस्त करायला दोन हेलपाटे वेगळेच. उत्पन्नाचा दाखला यादीत शेवटी होता, म्हणून तो शेवटी काढला. त्यावर आकडा आला ४८,००० रुपये. योजनेची मर्यादा वर्षाला २१,०००. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असतं तर गोष्ट वेगळी होती, पण तिथंही नव्हतं.

"दादा, हे आधी लिवलं असतं तर माझे पाच रोज बुडाले नसते," एवढंच त्या म्हणाल्या. पत्रकात ते लिहिलं होतं. मागच्या बाजूला. पण हे त्यांना सांगायची मला लाज वाटली.

२१,००० ची मर्यादा फार तोकडी आहे, रोजानं जाणारं कुठलंही माणूस ती सहज ओलांडतं. पण ती आहे तोवर पत्रकानं ती पहिल्या चार ओळींत सांगायला हवी.

नवं पत्रक करताना प्रस्तावना आणि मनोगत दोन्ही काढलं. (मनोगतासाठी एक बैठक खर्ची पडली.) सुरुवात प्रश्नांनी केली, आणि प्रश्नांचा क्रम असा लावला की ज्याचं उत्तर घरबसल्या देता येतं ते आधी. तुमचं वय ६५ च्या आत आहे का? नसेल तर तुमची योजना श्रावणबाळ, हे तिथंच लिहिलं. आधीच्या पत्रकात हे वाक्यच नव्हतं. त्यामुळं एक आजी चुकीच्या योजनेचं नाव घेऊन तहसीलला जाऊन आल्या होत्या. मग महाराष्ट्रात १५ वर्षं राहता का? आमचा तालुका सीमेवरचा, बिदरकडून लग्न होऊन आलेल्या सुना पुष्कळ, म्हणून हा प्रश्न वर घेतला. त्यानंतर दारिद्र्यरेषेची यादी, आणि त्यात नाव नसेल तर उत्पन्न.

उत्पन्नाच्या ओळीवर आम्ही अडखळलो. ‘वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत’ असं लिहून चार बायकांना वाचून दाखवलं, तर दोघींनी ते महिन्याचं समजलं. मग लिहिलं: ‘घरातल्या सगळ्यांची वर्षभराची कमाई मिळून २१,००० रुपयांच्या आत.’ अपंग व्यक्तीसाठी मर्यादा ५०,००० आहे, ती लगेच खालच्या ओळीत.

कागदांचा क्रमही उलटला. ज्या कागदावर पात्रता ठरते तो पहिला. म्हणजे ज्यांचं नाव यादीत नाही त्यांनी आधी फक्त उत्पन्नाचा दाखला काढायचा. अर्ज सेतूत द्यायचा, तलाठ्याचा अहवाल लागतो, दाखला तहसीलदारांचा मिळतो. आकडा मर्यादेत आला तरच पुढच्या कागदांना हात लावायचा. त्याच्या शेजारी एक ओळ टाकली: आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक यांवरची नावं जुळतात का बघा. माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं रेशनकार्डावर, असं हरघडी निघतं. शेवटी अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत द्यायचा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

रक्कम मी मुद्दाम तळाशी नेली आणि तिच्यापुढं महिना व वर्ष छापलं. २०२३ मध्ये महिन्याचे १,००० चे १,५०० झाले, तेव्हा आमची जुनी पत्रकं गावोगाव हजारच सांगत राहिली होती.

छापण्याआधी कच्ची प्रत कुणाच्या तरी हातात द्या आणि "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता उद्या सकाळी पहिल्यांदा कुठं जाणार?" असं विचारा. आमच्या तिसऱ्या प्रतीला तिघींनी ‘सेतूत, उत्पन्नाला’ असं सांगितलं. चौथी म्हणाली, "कुठंच नाय, माझी कमाई जास्त हाय." मग ती प्रत छापायला दिली.