दर रविवारी एक प्रत संगणकावर

ऐक गं, तुझा शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. कुणाला किती किलो, पार्सल पुण्याला की मुंबईला, पैसे आल्याचा स्क्रीनशॉट, सगळं तिथंच. गुगल ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणून तू निर्धास्त आहेस. पण खरं सांगू का, नवा बॅकअप झाला की तिथला जुना जातो. चुकून एखाद्या दुकानदाराचं चॅट पुसलंस आणि रात्री बॅकअप झाला, तर ते तिथूनही गेलंच समज. म्हणून दुसरी प्रत घरच्या संगणकावर हवी.

बघ, अर्धं काम तुझा अँड्रॉइड फोनच करून ठेवतो. रोज रात्री २ च्या सुमारास व्हॉट्सॲप फोनमध्येच एक प्रत बनवतं. फोन वायरने संगणकाला जोड, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवड आणि हा फोल्डर उघड:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

त्यातली `msgstore.db.crypt14` ही सगळ्यात ताजी प्रत. शेवटी `crypt15` दिसलं तर घाबरू नकोस, फक्त बॅकअपला लावलेला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली वहीत लिहून ठेव. या एका फाइलमध्ये जुनी-नवी सगळी चॅट्स येतात. संगणकावर तारखेच्या नावाचा फोल्डर कर आणि तिथं टाक. फोटो मात्र यात नसतात, ते शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये. तो मोठा असतो, महिन्यातून एकदा घेतलास तरी चालेल.

आता किती दिवसांनी? फोनमध्ये साधारण मागच्या ७ दिवसांच्याच प्रती राहतात. बुधवारी चॅट पुसलं गेलं आणि तुला ते दहा दिवसांनी कळलं, तर फोनमधल्या एकाही प्रतीत ते सापडणार नाही. संगणकावर त्या बुधवारच्या आधीच्या रविवारची फाइल असेल, तर त्यात ते असेल. म्हणून दर रविवारी घे. दिवाळीत आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ऑर्डरी वाढल्या की एक दिवसाआड घे. शेवटचे चार रविवार आणि मागच्या प्रत्येक महिन्याची एक प्रत ठेव, बाकीच्या काढून टाक.

कॉपी झाल्यावर फाइलची तारीख आणि आकार बघ. मागच्या रविवारपेक्षा आकार एकदम घटला असेल, तर काहीतरी पुसलं गेलंय. अशा वेळी जुन्या प्रतींना हात लावू नकोस.

एक नीट लक्षात ठेव. ही फाइल संगणकावर उघडून वाचता येत नाही. ती त्याच मोबाइल नंबरवर व्हॉट्सॲप पुन्हा बसवतानाच कामी येते, आणि त्या रविवारनंतरचे मेसेज तिच्यात नसतात. म्हणून ज्यांच्याकडे उधारी आहे, त्यांचं चॅट महिन्याअखेर ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून त्याच फोल्डरमध्ये ठेव. ते साध्या मजकुरात उघडतं, आणि हिशेब मिटवायला फोन लागत नाही.