गृहीतकांचा परिच्छेद आणि उचलीचा हिशेब

बाळा, उचलीवरचं तुझं मॉडेल वाचलं. गणित पक्कं आहे, पण गृहीतकांचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. तू लिहिलंयस: ‘जोडपं जोखीम टाळणारं आहे, मुकादमांमध्ये स्पर्धा आहे, कर्जाचा बाजार अपूर्ण आहे, प्रतिटन दर बाहेरून ठरतो आणि करार पाळला जातो असे गृहीत धरले आहे.’ एका वाक्यात पाच गृहीतकं आली. एकालाही कारण दिलेलं नाही आणि एकाचाही पुढच्या निकालाशी धागा जुळत नाही. धारूर-वडवणीकडचा वाचक हे वाचून विचारेल, हे धरलं कशावरून? आणि परीक्षक विचारेल, हे धरलं नसतं तर काय बिघडलं असतं? दोन्ही उत्तरं त्याच परिच्छेदात मिळायला हवीत.

लिहिण्याआधी कागदावर प्रत्येक गृहीतकापुढे तीन गोष्टी मांड: काय धरलं, का धरलं, आणि ते काढलं तर कोणता निकाल पडतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते गृहीतक खोडून टाक. तुझं जोखमीचं गृहीतक असंच आहे. तुझी सगळी सिद्धता सरासरी कमाईवर उभी आहे, जोखमीची नावड तिच्यात कुठेच वापरलेली नाही. जोडप्याला जोखीम नकोशी असते हे खरं असेल, पण केवळ खरं असणं हे परिच्छेदात जागा अडवायला पुरेसं कारण नाही.

आता दराचं घे. ‘दर बाहेरून ठरतो’ एवढ्यावर थांबू नकोस. कोण ठरवतो ते लिही. तोडणीचा दर मुकादम ठरवत नाही. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारातून तो राज्यभरासाठी ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, तीही अशा वाटाघाटीतूनच. हे कारण झालं. परिणाम त्याला लागूनच येतो: दर हलत नसेल तर कोयते मिळवण्यासाठी मुकादमाच्या हातात उचल वाढवणं एवढंच उरतं. म्हणजे मजूर कमी पडले की दर तिथेच राहील आणि उचल चढेल. हा तुझा पहिला निकाल आहे आणि तो या एकाच गृहीतकावर उभा आहे. वाक्य असं कर: ‘प्रतिटन दर राज्यस्तरीय करारात ठरत असल्याने मुकादमासाठी तो स्थिर मानला आहे, त्यामुळे मुकादमांमधली स्पर्धा दरात न दिसता उचलीच्या रकमेत दिसते (निकाल १).’

कर्जाच्या गृहीतकात तुझं कारण फिरून स्वतःवरच आलंय. परिच्छेदाबाहेर एके ठिकाणी तू म्हणतेस, जोडपी मोठी उचल घेतात, त्यावरून दुसरीकडे कर्ज मिळत नाही हे दिसतं. पण मोठी उचल हाच तर मॉडेलने काढायचा निकाल आहे, त्यालाच पुरावा करता येणार नाही. कारण मॉडेलच्या बाहेरून आण. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. जमीन नसलेल्याला ते मिळतच नाही, आणि दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्याला जे मिळतं ते लग्न, दवाखाना, घर यांना पुरत नाही. परिणाम: पावसाळ्यात हातात आलेला रुपया जोडप्याला हंगामातल्या रुपयापेक्षा मोठा वाटतो. हे गृहीतक काढलं तर आधी पैसे घेण्याला काही अर्थच उरत नाही आणि सगळं मॉडेल कोसळतं. म्हणून याला परिच्छेदात जास्त ओळी दे.

‘करार पाळला जातो’ या तीन शब्दांवर मात्र मी अडलो, कारण मॉडेलचा जीव तिथेच आहे. तुझं बाकीचं सूत्र असं आहे:

```
B = max(0, A + K − wQ)
```

यात B बाकी, A उचल, K हंगामातली खर्ची, w दर आणि Q तोडलेला ऊस. नमुन्याला आकडे घालून बघ. दर ३५० रुपये, दिवसाला दोन टन, म्हणजे ७०० रुपये. उचल ८० हजार, खर्ची १५ हजार. कारखाना १४० दिवस चालला तर ९८ हजार मिळतात आणि सगळं फिटून तीन हजार उरतात. ऊस कमी असला आणि पट्टा १०० दिवसांतच पडला तर ७० हजारच होतात आणि २५ हजारांची बाकी राहते. ही बाकी पुढच्या हंगामात तोडून फेडायची, हा तुझा तिसरा निकाल.

पण जोडपं पुढच्या वर्षी परत का येतं? कोर्टाच्या भीतीनं, असं लिहू नकोस. वेठबिगारीचं कर्ज १९७६ च्या कायद्यानेच बाद ठरवलं आहे. माणूस परत येतो तो गावातल्या दबावामुळे आणि पुढच्या उचलीच्या गरजेपोटी. तेच कारण लिही. बाकी वसूल होत नाही असं धरलं तर मुकादम ८० हजार द्यायला कचरेल. तो ५५ हजारांकडे सरकेल, कारण तेवढी रक्कम वाईट वर्षातही फिटते. म्हणजे उचलीचा आकार आणि बांधलेपण ही दोन्ही एकाच गृहीतकातून निघतात. हे तुझ्या परिच्छेदात कुठेच दिसत नाही.

इथेच आणखी एक गाठ आहे. तू मुकादमांत स्पर्धा धरलीस आणि बाकी असलेला कोयता त्याच मुकादमाकडे जातो असंही धरलंस. दोन्ही एकदम कसं? वेळ सांग: पहिल्या उचलीच्या वेळी स्पर्धा आहे, बाकी राहिल्यावर ती मंदावते. नवा मुकादम जुनी बाकी भरून कोयता घेऊ शकतो, ही शक्यता वगळली असेल तर तसं उघड लिही. वगळल्याने बांधलेपण जरा जास्तच दिसतं, तेही लिही. प्रणव बर्धन, कौशिक बसू यांच्यापासून जमीन, मजुरी आणि कर्ज यांच्या जोडकरारांवर जे लिहिलं गेलं, ते वाचलेला परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारेल.

एक गृहीतक तू लिहिलंच नाहीस, पण वापरलंस: नवरा-बायको मिळून एक निर्णय घेतात. हे लपवू नकोस. कारण चांगलं आहे. करार कोयत्याचा होतो, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ मोजला जातो, आणि बाई आजारी पडली तरी खाडा जोडप्याच्या हिशेबातून कापला जातो. यातून एक निकाल मिळतोही: एकीच्या विश्रांतीची किंमत दोघांना भरावी लागते. पण पैसा घरात कोणाच्या हाती राहतो, दुखणं कोण अंगावर काढतं, यावर हे मॉडेल काही सांगू शकत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या प्रश्नावर तुझ्या समारोपात एक वाक्य आहे, ते काढ. त्याला आधार देणारं गृहीतक मॉडेलमध्ये नाही.

चांगलं आणि वाईट अशी दोनच वर्षं धरलीस ती निव्वळ सोयीसाठी. ‘मांडणी सोपी व्हावी म्हणून’ असं सरळ लिही आणि त्याला शेतातलं कारण चिकटवू नकोस. वर्षं तीन केली तरी निकालाची दिशा बदलत नाही हे तपासून पुढे जोड.

गृहीतकांचा क्रम सिद्धतेत ती ज्या क्रमाने लागतात तोच ठेव. परिच्छेद आता दीड पान होईल, होऊ दे. पण पाठवण्याआधी तो गावाकडच्या एखाद्या मुकादमाला आणि एखाद्या जोडप्याला वाचून दाखव. कारणांच्या रकान्यात जिथे ते ‘असं नसतं’ म्हणतील, तिथे वाक्य बदल, आणि मग तो निकाल अजून उभा राहतो का ते पुन्हा गणितात बघ.