पहाटेचे स्वप्न आणि परीक्षा
(शालेय स्वास्थ्य दिनी विद्यार्थ्यांपुढे करावयाचे भाषण)



पहाटेचे स्वप्न खरे होते, असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते. त्यामुळे ‘पेपर कोरा राहिला’ अशा स्वप्नाने दचकून उठलेला दहावीचा विद्यार्थी दिवसभर धास्तावलेला असतो. परंतु अशी स्वप्ने पहाटेच का पडतात, याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. झोप साधारणतः ९० मिनिटांच्या आवर्तनांनी चालते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे जलद हलू लागतात. शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये या अवस्थेची नोंद प्रसिद्ध केली. ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात आणि उत्तररात्री ती लांबत जाते. दिवसभर ज्याचा घोर, तेच तेथे उमटते.

पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या स्पर्धा परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना आदल्या रात्री परीक्षेचेच स्वप्न पडले होते आणि बहुतेक स्वप्नांत उशीर, विसर असे काहीतरी बिघडलेले होते. असे स्वप्न पडलेल्यांचे गुण इतरांहून कमी नव्हते, किंचित अधिकच होते. स्वप्नामुळे गुण वाढतात, असा याचा अर्थ नव्हे. पण स्वप्नातील नापास प्रत्यक्षात उतरत नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

आता उपाय पाहू. समजा, एका मुलीला वारंवार दिसते की, एस.टी. चुकली, प्रवेशपत्र घरी राहिले आणि केंद्राचे दार बंद झाले. तिने दिवसा, निजण्याच्या वेळी नव्हे, हे स्वप्न वहीत लिहावे. मग ते हवे तसे बदलावे: प्रवेशपत्र कंपासपेटीत आहे, दारातील शिपाई आत सोडतो, ती बाकावर बसून आसनक्रमांक लिहिते. हे नवे स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून मनात पाहावे. जुने घोळवू नये. फरक पडण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी आरंभ करून फारसे साधत नाही. अपरात्री जाग आलीच, तर दिवा लावावा, पाय जमिनीला टेकवावेत, पाणी प्यावे आणि श्वास संथ झाल्यावर पुन्हा पडावे.

स्वप्नाच्या भीतीने जागरण करणे मात्र अंगाशी येते. बुडालेली झोप भरून काढताना हीच अवस्था पुढील रात्री वाढते आणि स्वप्ने अधिक तीव्र होतात. चहा पिऊन पहाटेपर्यंत बसणाऱ्या मुलाचे कौतुक करणाऱ्या पालकांनीही हे ध्यानी घ्यावे.

परीक्षा संपल्यावरही आठवड्यातून अनेकदा अशी स्वप्ने पडत राहिली, निजण्याचीच भीती वाटू लागली, दिवसा वर्गात लक्ष लागेनासे झाले किंवा स्वप्नात घडून गेलेला अपघात अथवा मारहाण पुन्हा दिसू लागली, तर वहीवर विसंबू नये. वर्गशिक्षकांना सांगावे व डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.